पाचला उठणारी लेक आणि सातचं वेळापत्रक

साडेसहा हजार रुपये गेले त्याचं दुःख मी आता सोडून दिलंय. पण माझी एकोणीस महिन्यांची मुलगी सलग आठ पहाटा अंधाऱ्या खोलीत रडली आणि मी दाराबाहेर घड्याळाकडे बघत उभी राहिले, ते काही केल्या मनातून जात नाही. ज्या बाईंच्या सांगण्यावरून मी ते केलं, त्या आजही दुसऱ्या आयांना तेच सांगत असतील. म्हणून हे लिहिते आहे.

एप्रिलच्या शेवटी नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून नागपूरला आलो. पुण्यात मुलगी रात्री पावणेनऊला झोपायची आणि सकाळी सव्वासहाला उठायची. दुपारी दोन तास. त्यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं. नागपुरात पहिल्याच आठवड्यात साडेपाच झाले, मग सव्वापाच, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात बरोबर पाच. पाचला उठली की घर जागं होऊ नये म्हणून मी लगेच दूध द्यायची. सासरे पाचला चहा टाकतात, ते म्हणायचे, "ब्राह्ममुहूर्तावर उठते, गुणाची आहे." साडेआठला ती डोळे चोळायला लागायची, मग पाऊण तास झोप. दुपारी पुन्हा दीड तास. संध्याकाळी सातलाच मान टाकायला लागायची. मी आठ वाजेपर्यंत कशीबशी जागी ठेवायची.

ऑफिसचं काम घरून चालू होतं. आठवडाभर पाचला उठून मी पार गळून गेले, तेव्हा एका मैत्रिणीने मुलांच्या झोपेबद्दल सल्ला देणाऱ्या बाईंचा नंबर दिला. नाव लिहीत नाही. त्यांनी फोनवर वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पंधरा पानांचं वेळापत्रक पाठवलं. सार एवढंच: मूल लवकर उठतं कारण ते दमलेलं असतं, म्हणून संध्याकाळी सातला झोपवा, सकाळी सातशिवाय उचलू नका. रडलं तर रडू द्या, चार दिवसांत शिकतं. "या वयाच्या सगळ्या मुलांना रात्रीची बारा तास झोप लागतेच," हे वाक्य त्या तीनदा म्हणाल्या.

सातला झोपवायला सुरुवात केली आणि मुलगी साडेचारला उठायला लागली.

मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, की तुम्ही सातत्य ठेवत नाही. मी सातत्य ठेवलं. साडेचार ते सहा ती रडायची. सहाला माझा धीर सुटायचा आणि मी तिला उचलायची, आणि त्यावरूनच मला ऐकून घ्यावं लागायचं की सातपर्यंत थांबला असतात तर जमलं असतं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी सहाव्या दिवशी जिन्यात गाठलं. "काहून रडवता हो लेकराले? भूक लागली असन त्याले." मला उत्तर देता आलं नाही. खरं तर त्याच दिवशी थांबायला हवं होतं.

आठव्या पहाटे मी दार उघडून आत गेले. चार पस्तीस झाले होते. ती गादीवर उभी होती, रडून रडून आवाज बसला होता, पण मला बघताच रडणं थांबवून तिने पंख्याकडे बोट दाखवलं आणि "फिफि" म्हणाली. डोळे टवटवीत. झोपेने मिटत असलेल्या मुलाचे डोळे कसे दिसतात ते प्रत्येक आईला माहीत असतं. हे तसे नव्हते. तिला कडेवर घेऊन मी स्वयंपाकघरात बसले. त्या बाईंनीच ठेवायला लावलेली झोपेची वही समोर होती. रोज किती वाजता झोपली, किती वाजता उठली, दुपारी किती, हे सगळं मी इमानदारीने लिहून त्यांना फोटो पाठवत होते. बेरीज मात्र कोणी केली नव्हती. त्यांनीही नाही.

मी केली. सोमवारी सव्वासातला झोपली, चार चाळीसला उठली, म्हणजे नऊ तास पंचवीस मिनिटं. दिवसा दोन तास पाच मिनिटं. एकूण साडेअकरा तास. मंगळवारी रडून रडून सात चाळीसला झोप लागली, चार पस्तीसला उठली, दिवसा दोन तास चाळीस मिनिटं. एकूण अकरा पस्तीस. बुधवारी दिवसा दीडच तास, पण रात्री नऊ पन्नास. एकूण अकरा वीस. आठही दिवस अकरा वीस ते अकरा पस्तीसच्या आत. मग पुण्यातला हिशेब केला: पावणेनऊ ते सव्वासहा साडेनऊ तास, दुपारचे दोन. साडेअकरा.

तेव्हा मला कळलं. माझी मुलगी लवकर उठत नव्हती. तिची झोप पुरी होत होती. सातला झोपवलं की साडेचारला पुरी होते, एवढा सरळ हिशेब होता. आणि ज्या मुलीची झोप पुरी झाली होती, तिला मी झोप शिकवायची म्हणून दीड दीड तास अंधारात रडवत होते.

मी तो हिशेब त्या बाईंना पाठवला. उत्तरात त्याच वेळापत्रकाचं चौथं पान पुन्हा आलं. पैशांबद्दल विचारलं तर त्यानंतर संदेश पाहिल्याची खूण तेवढी दिसते.

त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे गेले. ते करायला हवं होतं आधी. डॉक्टरांनी पाचेक प्रश्न विचारले: रात्री घोरते का, तोंड उघडं ठेवून श्वास घेते का, पहाटे कान ओढते का, ढुंगण खाजवते का, झोपेत पाय सतत हलवते का. घोरणं आणि तोंडाने श्वास म्हणजे ॲडेनॉइड बघावे लागतात, खाज म्हणजे जंत असू शकतात, पायांची फार चुळबुळ असेल तर लोह कमी आहे का ते तपासतात. यातलं काही असेल तर पडदे आणि वेळा बदलून उपयोग नाही, तुम्हीही आधी हे विचारून घ्या. आमच्याकडे काहीच नव्हतं. मग ते म्हणाले, एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते, तुमची अकराच्या बाजूची आहे, चौदाच्या बाजूची करता येणार नाही. त्या बाईंचं गणित बारा रात्री आणि दोन दुपारी, म्हणजे चौदा. काही मुलांचं असेलही. माझ्या मुलीचं नव्हतं.

पण मग पुण्यात सव्वासहाला उठणारी मुलगी नागपुरात पाचला का उठायला लागली, हा प्रश्न राहिलाच होता. त्याचं उत्तर मला तिच्या जागी झोपून मिळालं. एका पहाटे ती माझ्या आईसारख्या जाऊबाईंकडे झोपली होती, आणि मी तिच्या गादीवर, तिच्या उशीवर डोकं ठेवून पडून राहिले. पाच वाजून दहा मिनिटांनी पडद्याच्या दांडीच्या वर, भिंतीवर एक करडी पट्टी उमटली. पाच मिनिटांत ती पांढरी झाली. मग खिडकीत बसवलेल्या कूलरच्या चारही कडांनी उजेड आला. माझ्या पलंगावरून यातलं काहीच दिसत नव्हतं, मधे कपाट होतं. तिच्या गादीवरून बरोबर डोळ्यांवर.

पुण्यात तिची खोली पश्चिमेची होती. इथली पूर्वेची. आणि नागपूरची पहाटच लवकर होते, हे मी शाळेत भूगोलात शिकले होते आणि विसरले होते. सगळ्या देशाचं घड्याळ एक, पण सूर्य पूर्वेकडे आधी उगवतो, रेखावृत्ताच्या एका अंशाला चार मिनिटं. पुण्यापासून नागपूर पाच अंशांहून थोडं अधिक पूर्वेला आहे, म्हणजे वीस-एकवीस मिनिटं तिथेच गेली. शिवाय नागपूर उत्तरेला असल्याने उन्हाळ्याचा दिवस थोडा मोठा. मेच्या शेवटी पुण्यात सूर्य सहाच्या आगेमागे उगवतो, नागपुरात साडेपाचच्या आगेमागे, आणि त्याच्याही वीस-पंचवीस मिनिटं आधी खोलीत उजेड शिरतो.

पहाटे चारनंतर झोप मुळातच पातळ होते. रात्रभराच्या झोपेने थकवा बराचसा उतरलेला असतो, शरीराचं तापमान वर चढायला लागलेलं असतं. मोठी माणसंही त्या वेळी कूस बदलतात, जागी होतात आणि परत झोपतात. लहान मुलाला त्या क्षणी उजेड दिसला, भांड्याचा आवाज आला किंवा थंडी वाजली, की ते पूर्ण जागं होतं. आणि पहाटेचा उजेड एवढ्यावर थांबत नाही. तो शरीरातलं घड्याळ अलीकडे ओढतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी जाग आणखी लवकर. त्यावर मी पाचला दूध देत होते, त्यामुळे पोटालाही पाचची सवय लागत होती. साडेआठची पाऊण तासाची झोप म्हणजे रात्रीच्या झोपेचा तुटलेला तुकडाच होता, तो दिवसा मिळत असल्याने पहाटे परत झोपायची तिला गरजच उरत नव्हती. हे सगळं आमच्या घरात आम्हीच करत होतो, आणि ते मला कोणी विचारलं नाही. त्या बाईंनी तर खोली कोणत्या दिशेला आहे हेसुद्धा विचारलं नव्हतं.

आता काय केलं ते सांगते.

पहिल्यांदा उजेड. "जाड पडदे लावा" हा सल्ला सगळे देतात, आम्हीही लावले होते, पण उजेड कापडातून येत नाही, कडांतून येतो. काचेला मी आतून काळा कार्डबोर्ड चिकटपट्टीने चारही बाजूंनी लावला. पडदा दांडीच्या वर वीतभर भिंतीवर खिळ्यांनी ठोकला. दाराच्या वरच्या झडपेला पुठ्ठा, दाराखालच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी, कारण सासऱ्यांच्या चहाचा दिवा तिथून आत यायचा. कूलर हे विदर्भातलं खरं दुखणं. तो खिडकीत बसतो आणि त्याला झाकता येत नाही, हवा कोंडली की तो निरुपयोगी होतो. आम्ही सुताराकडून खिडकीच्या चौकटीत प्लायवूड बसवून घेतलं, कूलरच्या तोंडापुरतीच जागा कापलेली. मागच्या जाळीतून तरी थोडा उजेड यायचा, म्हणून मुलीची गादी त्याच भिंतीला लावली, जिथून कूलरचं तोंड दिसत नाही. तपासायची पद्धत अशी: भर दुपारी बाराला सगळं बंद करा, पाच मिनिटं आत बसा आणि स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरा. बोटं मोजता आली तर अजून फट आहे. आणि ही तपासणी मुलाच्या उशीवरून करा.

कूलरचं आणखी एक. रात्री दहाला जी हवा बरी वाटते ती पहाटे चारला अंगावर काटा आणते, बाहेरचं तापमान उतरलेलं असतं आणि ताट्या पूर्ण भिजलेल्या असतात. मुलं पांघरूण लाथाडतात. मी दोनला उठून पंप बंद करायला लागले, नुसता पंखा चालू. लांब बाह्यांचं सुती झबलं घातलं. पहाटे तिचे पाय गार लागायचे ते थांबलं.

मग झोपेची वेळ. मला ती सव्वासहापर्यंत झोपायला हवी होती, आणि तिची रात्र साडेनऊ तासांची होती. उलटं मोजलं की पावणेनऊ येतात. पण एकदम पावणेनऊ केलं तर मूल पाचलाच उठतं आणि दिवसभर किरकिर करतं, कारण आतलं घड्याळ एका रात्रीत सरकत नाही. मी साडेसातपासून सुरुवात केली आणि दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे. रात्रीचं जेवण, अंघोळ, दुपारची झोप, सगळं त्याच मापाने पुढे. सकाळचं दूध पाचवरून रोज दहा मिनिटं पुढे नेलं, सहापर्यंत. साडेआठची झोप एक दिवसाआड पंधरा मिनिटं लांबवत साडेबारापर्यंत नेली आणि ती दुपारच्या झोपेत मिसळून गेली. दोन तासांनी मी तिला उठवायची. झोपलेल्या मुलाला उठवायचं आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अजिबात पटत नव्हतं. मलाही जीवावर यायचं. पण दुपारी तीन तास झोपली की तो एक तास पहाटेतूनच कमी होतो, वहीत तीनदा पाहिलं.

पाचला जाग आली तर? सोडून द्यायचं नाही आणि उठवायचंही नाही. मी जवळ जाऊन पडायची, पाण्याचा घोट द्यायची, पाठीवर हात ठेवायची. बोलायचं नाही, मोबाइल लावायचा नाही, दूध नाही. सहा वाजले की मात्र सगळं एकदम: पडदा सर्र करून बाजूला, "सकाळ झाली" असं मोठ्याने, आणि उचलून थेट गच्चीत, उन्हात. तिला रात्र आणि सकाळ यांच्यातली रेघ दिसायला हवी. संध्याकाळी साडेसातनंतर मोठे दिवे बंद.

पहिले पाच दिवस काहीही बदललं नाही. सहाव्या-सातव्या दिवशी तर आणखी वाईट, कारण झोप कमी पडत होती आणि ती संध्याकाळी जमिनीवर लोळून रडायची. इथेच बहुतेक जण सोडतात, नवराही म्हणाला राहू दे. नवव्या दिवशी साडेपाच. मग दाढ आली आणि चार दिवस पुन्हा पाच. एकोणिसाव्या दिवशी पाच पंचावन्न. जूनच्या मध्यापासून सहा ते सव्वासहा, आणि तिथेच थांबली. सात कधीच झाले नाहीत, आणि होणारही नाहीत. मी माझी झोप साडेअकरावरून साडेदहावर आणली, एक दिवसाआड सकाळ नवऱ्याची. सातला उठणारं मूल मिळवायचा नाद सोडल्यावर निम्मा वैताग गेला, हे खरं आहे.

माझा अनुभव सगळ्यांना लागू पडत नाही, तेही सांगायला हवं. समोरच्या घरातला मुलगा दोन वर्षांचा, तोही पाचला उठायचा. त्याच्या आईने माझं बघून झोप उशिरा करायला घेतली आणि तो पावणेपाचला उठायला लागला. आम्ही त्याची वही बघितली. एकूण सव्वादहा तास. तो रडत उठायचा, नऊच्या आत ऑटोत झोपायचा, रात्री गादीला पाठ लागताच दोन मिनिटांत गाढ. तो खरोखर दमलेला होता. त्याला अर्धा तास लवकर झोपवल्यावर आठवडाभरात पावणेसहा झाले. म्हणजे त्या बाई म्हणत होत्या ते काही मुलांच्या बाबतीत खरं असतं. कोणत्या, ते बघायची तसदी त्यांनी घेतली नाही, माझा राग तेवढाच आहे. मूल हसत उठत असेल, दिवसभर ठीक असेल आणि बेरीज रोज तीच येत असेल, तर वेळ पुढे न्या. रडत उठत असेल आणि बेरीज अकराच्या खाली असेल, तर वेळ अलीकडे आणा.

कोणालाही पैसे देण्याआधी आठ दिवस वही भरा आणि बेरीज स्वतः करा. एका पहाटे मुलाच्या उशीवर डोकं ठेवून पडून बघा. आणि बेरीज पुरी भरत असेल तर, कोणी काहीही सांगो, त्या मुलाला अंधारात रडत ठेवू नका.